थंब देण्याआधी चाळीस सेकंद: भाडेकराराच्या तीन कलमांवर छोटा व्हिडिओ कसा करायचा

पुण्यात लिव्ह अँड लायसन्सचे करार ऑनलाइन नोंदवून देणं हा माझा धंदा. बॅगेत लॅपटॉप, वेबकॅम आणि थंबचं मशीन घेऊन मी घरोघरी जातो. मालकाचा फोटो आणि अंगठा, भाडेकरूचा फोटो आणि अंगठा, मग दोन साक्षीदार, की काम संपलं. पहिल्यांदाच घर घेणारी मुलं अंगठा देताना हमखास एकच प्रश्न विचारतात, "काका, पोलीस व्हेरिफिकेशनला वेगळं जावं लागेल का?" करारात काय लिहिलंय, हे दहातला एखादाच विचारतो. ड्राफ्ट आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो, पण तो इंग्रजीत असतो, पाच-सहा पानांचा असतो, आणि त्याच दिवशी टेम्पोवालाही ठरवायचा असतो.

वाकडच्या एका फ्लॅटचा करार मी असाच नोंदवला होता. मुलगी लातूरहून आलेली, पहिलीच नोकरी. भाडं १८,०००, डिपॉझिट ६०,०००, करार १ जूनपासून ११ महिन्यांचा, लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याची मुदत, सहा महिने, नोटीस एक महिन्याची. ऑगस्टअखेर कंपनीने तिची बदली बंगळुरूला केली. तिने ३१ ऑगस्टला रीतसर नोटीस दिली, ३० सप्टेंबरला घर रिकामं केलं आणि डिपॉझिटची वाट बघत बसली. हिशेब आला तो असा: लॉक-इनचे दोन महिने उरले होते, त्याचे ३६,०००. रंगकाम आणि साफसफाईचे १५,०००. विजेचं शेवटचं बिल १,४००. साठ हजारांतून ५२,४०० गेले आणि हातात आले ७,६००. मालकाने कुठलाही खोटेपणा केला नव्हता. प्रत्येक आकडा करारातल्या कुठल्या ना कुठल्या ओळीवर उभा होता. तिने फोनवर मला एवढंच विचारलं, "काका, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

माहीत होतं. त्यानंतर मी चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ तयार केला. ड्राफ्ट पाठवला की पाठोपाठ तोही पाठवतो. तो कसा केला, त्यात काय ठेवलं आणि काय काढलं, हे इथे सविस्तर सांगतो. इस्टेट एजंट, सोसायटीचे सेक्रेटरी, हॉस्टेलमधून बाहेर पडणाऱ्या मुलांचे सीनियर, कुणालाही असा व्हिडिओ करता येईल. स्वतः घर शोधणाऱ्याला व्हिडिओ करायचा नसेल, तर त्याने फक्त कलमांचा भाग वाचावा.

आधी कलमं: तीनच का आणि हीच का

करारात पंचवीस-तीस कलमं असतात. त्यातली बरीचशी वाचली नाहीत तरी चालतं, कारण ती प्रत्येक करारात तीच असतात: घरात बेकायदा धंदा करायचा नाही, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, सोसायटीचे नियम पाळायचे. मी एकच कसोटी लावली. घर सोडताना भांडण कशावरून होतं? माझ्या अनुभवात ते तीन गोष्टींवरून होतं: डिपॉझिट, लॉक-इन आणि कपात.

डिपॉझिटचं कलम वाचताना पहिली नजर आकड्यावर जायला हवी. दिले तेवढेच लिहिलेत का? हा प्रश्न बावळट वाटेल, पण मालक किंवा एजंट सहज म्हणून जातो, "करारात तीसच दाखवू, स्टॅम्प ड्युटी वाचेल." आता ही बचत नेमकी किती, ते बघा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते लागतं पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून येणाऱ्या रकमेवर. साठऐवजी तीस हजार दाखवले, तर तीस हजारांवरचं अकरा महिन्यांचं व्याज २,७५० रुपये होतं. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे सात रुपयेसुद्धा नाहीत. सात रुपयांसाठी तीस हजारांचा पुरावा सोडून द्यायचा! हे गणित मी मालकांपुढे मांडतो, तेव्हा बहुतेक जण स्वतःच हसतात आणि आकडा बदलायला सांगतात. त्यांनाही ते कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं, इतकंच. डिपॉझिट शक्यतो बँकेतून द्यावं आणि व्यवहाराचा क्रमांक करारातच लिहून घ्यावा.

दुसरी नजर परतीच्या दिवसावर. "घराचा ताबा परत देतेवेळी" असं लिहिलेलं असेल तर उत्तम, कारण त्याचा अर्थ किल्ली आणि पैसे एकाच टेबलावर. "ताबा दिल्यापासून ३० दिवसांत" हेही समजण्यासारखं आहे, कारण शेवटचं वीजबिल यायचं असतं. धोक्याची ओळ म्हणजे "नवीन भाडेकरू आल्यानंतर". नवीन भाडेकरू कधी येणार हे तुमच्या हातात नाही. मालकाने चार हजार जास्त भाडं मागितलं तर तो सहा महिनेही येणार नाही आणि तोवर तुमचे पैसे अडकून राहतील. ही ओळ दिसली तर ती बदलून मागायची, तेही थंब देण्याआधी. तोवर ड्राफ्ट पाहिजे तेवढा बदलता येतो. नोंदणी झाल्यावर बदल करायचा म्हणजे नवा दस्त, नवा खर्च आणि पुन्हा दोघांची गाठ घालून देणं.

लॉक-इनचं कलम सगळ्यात नीट वाचायला हवं, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात. लॉक-इन म्हणजे अमुक महिने घर सोडायचं नाही. नोटीस म्हणजे सोडण्याआधी अमुक दिवस कळवायचं. वाकडच्या मुलीला वाटलं, नोटीस दिली म्हणजे झालं. पण नोटिशीमुळे लॉक-इन संपत नाही. हल्ली बऱ्याच करारांत साधारण अशा अर्थाचं वाक्य असतं: लॉक-इनच्या काळात भाडेकरूने कुठल्याही कारणाने घर सोडलं, तर उरलेल्या लॉक-इन महिन्यांचं भाडं त्याने द्यायचं. उलट मालकाने त्या काळात घर सोडायला सांगितलं, तर भाडेकरूचं नुकसान आणि गैरसोय त्याने भरून द्यायची. वरवर दोन्ही बाजू सारख्या दिसतात. पण भाडेकरूची बाजू रुपयांत मोजता येते, आणि मालकाची बाजू 'नुकसान आणि गैरसोय' या शब्दांत सोडून दिलेली असते. ती कोण मोजणार? म्हणून मी सांगतो, दोन्हीकडे महिन्यांतच आकडा मागा. एक महिन्याचं भाडं म्हणा, दोन म्हणा, पण दोघांना सारखंच.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती सगळीच्या सगळी मिळेल असं नाही. वाजवी भरपाई किती ते न्यायालय ठरवतं. पण छत्तीस हजारांसाठी बंगळुरूहून पुण्याच्या कोर्टात कोण खेटे घालणार? पैसे ज्याच्या हातात आहेत त्याची बाजू तिथेच वरचढ होते. त्यामुळे कलम आधी वाचणं हाच स्वस्तातला उपाय.

लॉक-इनमध्येच आणखी एक बारीक जागा आहे, नोटीस कधीपासून देता येते त्याची. १ जूनचा करार, सहा महिन्यांचं लॉक-इन, म्हणजे ते ३० नोव्हेंबरला संपतं. नोटीस लॉक-इन चालू असताना देता येत असेल, तर १ नोव्हेंबरला कळवून ३० नोव्हेंबरला बाहेर पडता येतं. पण करारात "लॉक-इन पूर्ण झाल्यानंतर एक महिन्याची नोटीस देऊन" असं असेल, तर नोटीस लवकरात लवकर १ डिसेंबरला आणि बाहेर पडणं ३१ डिसेंबरला. म्हणजे कागदावर सहा महिन्यांचं लॉक-इन, प्रत्यक्षात सात. 'नंतर' या एका शब्दाची किंमत या घरात अठरा हजार रुपये आहे.

तिसरं कलम कपातीचं. डिपॉझिटमधून काय काय वजा होणार? थकलेलं भाडं, वीजबिल, मोडतोड हे योग्यच. गोम असते ती "रंगकाम व साफसफाईचा प्रत्यक्ष खर्च" या शब्दांत. प्रत्यक्ष खर्च नंतर कळतो आणि तो मालकाच्या पेंटरकडून कळतो. रंगाचा आकडा आधीच लिहून घ्यावा. मग तो शून्य असो, पाच हजार असो की एक महिन्याचं भाडं. आणि "नेहमीच्या वापरातली झीज वगळून" हे चार शब्द मोडतोडीच्या ओळीत आहेत का ते बघावं. दाराच्या मुठीजवळ हात लागून भिंत काळवंडते, ती झीज. टीव्ही लावायला आठ भोकं पाडली, ती मोडतोड.

या तीनही कलमांमागे एकच गोष्ट आहे, आणि ती व्हिडिओच्या शेवटच्या वाक्यात येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २४ म्हणतं की मुदत संपल्यावर मालकाने ताबा मागितला, तर लेखी लायसन्स करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा धरला जाईल. मालक फोनवर काय म्हणाला होता, एजंटने जिन्यात काय कबूल केलं होतं, हे त्यापुढे टिकत नाही. "रंगाचं काही घेत नाही हो मी, निवांत राहा" असं म्हणणारे काका मनापासून म्हणत असतात. पण अकरा महिन्यांनी घर बघायला त्यांचा मुलगा येतो.

काय वगळलं

पहिला मसुदा मी वाचून बघितला तर एक मिनिट दहा सेकंद झाले. त्यात मुद्रांक शुल्क होतं, नोंदणी फी होती, पोलिसांना कळवणं होतं, दरवर्षीची भाडेवाढ होती. ऐकणाऱ्याच्या काहीच लक्षात राहिलं नसतं. मग मी प्रत्येक वाक्याला विचारलं: हे ऐकून तो करारात बोट ठेवून काही शोधणार आहे का? मुद्रांक शुल्काचं उत्तर 'नाही' आलं. ते भरायचंच असतं आणि त्याचा आकडा मीच सांगतो. वरच्या करारात ते सुमारे ५०९ रुपये आणि महापालिका हद्दीतली नोंदणी फी १,००० रुपये. हे सगळं व्हिडिओखालच्या मजकुरात गेलं.

भाडेवाढ काढताना जीव थोडा तुटला. पण अकरा महिन्यांच्या करारात ती लागतच नाही. दोन-तीन वर्षांचा करार असेल तर टक्का बघायचा, एवढं खाली लिहिलं.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम वगळली, कारण ती चुकीची आहे आणि बऱ्याच व्हिडिओंत सर्रास सांगतात: "कायद्याने दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही." हे २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरार कायद्यात आहे. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, आणि महाराष्ट्रात तो लागू झालेला नाही. या माहितीच्या जोरावर मुलगा मालकाशी वाद घालायला गेला, तर घर जातं आणि तोंडघशी पडणं वेगळंच. व्हिडिओत कायद्याचं वाक्य घालायचं असेल तर ते कुठल्या राज्यातलं, हे आधी स्वतःला विचारावं.

संहिता

शांतपणे बोलायचं म्हटलं की मराठीत मिनिटाला साधारण ११० शब्द जातात. चाळीस सेकंदांना ७३ झाले. मध्ये श्वास घ्यायला आणि प्रेक्षकाला कागदाकडे बघायला चार-पाच सेकंद सोडायचे, म्हणजे हाताशी उरतात पासष्टच्या आसपास. माझी शेवटची संहिता ही:

"पहिल्यांदा भाड्याने घर घेताय? थंब देण्याआधी करारात तीन जागा शोधा.

पहिली, डिपॉझिट. दिले तेवढेच पैसे लिहिलेत ना? आणि ते किल्ली देतानाच परत मिळणार, असं लिहिलंय ना?

दुसरी, लॉक-इन. त्याआधी घर सोडलं तर किती महिन्यांचं भाडं जाईल? आणि नोटीस लॉक-इनमध्ये देता येईल, की ते संपल्यावर?

तिसरी, कपात. रंगाचे पैसे किती, ते आकड्यात लिहून घ्या. 'प्रत्यक्ष खर्च' नको.

तोंडी ठरलेलं सगळं कागदावर आणा. मग थंब द्या."

पहिल्या वाक्याला पाच-सहा सेकंद, डिपॉझिटला दहा, लॉक-इनला बारा, कपातीला आठ, शेवटाला चार. लॉक-इनला जास्त वेळ दिलाय, कारण तिथे लोक अडखळतात. "लायसेन्सी", "अनामत रक्कम", "परिच्छेद क्रमांक" हे शब्द मी बोलण्यात येऊ दिले नाहीत. मुलं डिपॉझिटच म्हणतात, तर डिपॉझिटच. पण ड्राफ्ट इंग्रजीत असतो, म्हणून पडद्यावर त्या त्या वेळी करारातली मूळ इंग्रजी ओळ दिसली पाहिजे, नाहीतर शोधायचं काय हे कळणार नाही.

संहिता लिहून झाली की मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मोठ्याने तीनदा वाचा. मनात वाचू नका, मनात आपण फार भरभर वाचतो. तिसऱ्यांदाही ४२ सेकंद होत असतील तर बोलण्याचा वेग वाढवू नका, शब्द कमी करा. "तर मित्रांनो" आणि "आज आपण पाहणार आहोत" एवढं काढलं तरी तीन सेकंद सुटतात.

शांत म्हणजे नेमकं काय

माझा पहिला प्रयत्न शांत नव्हता. सुरुवातच अशी होती: "तुमचं डिपॉझिट बुडू शकतं!" वर लाल अक्षरं आणि मागे धडधडतं संगीत. तो मी एका भाडेकरूला पाठवला. त्याने तो मालकाला दाखवला आणि दुसऱ्या दिवशी मालकाचा मला फोन, "आम्ही काय चोर वाटलो का तुम्हाला?" बरोबर होतं त्यांचं. व्हिडिओ बघून झाल्यावर त्या मुलाला मालकासमोर बसून ओळ बदलून मागायची असते. घाबरलेला किंवा चिडलेला मुलगा ते काम नीट करू शकत नाही. म्हणून आता मी तोच व्हिडिओ दोघांनाही पाठवतो, आणि दोघांसमोर लावता येईल असाच ठेवतो.

त्यासाठी मी तीन गोष्टी केल्या. संगीत काढून टाकलं. प्रत्येक कलमानंतर दीड सेकंद काहीच बोलत नाही, फक्त पेन्सिल त्या ओळीवर थांबते. आणि प्रत्येक वाक्यात दोष देण्याऐवजी प्रश्न ठेवला: लिहिलंय ना? किती? कधी?

चित्रीकरण

यासाठी स्टुडिओ लागत नाही. खिडकीजवळचं टेबल, सकाळी नऊ-दहाची वेळ, वर ट्यूबलाइट बंद. ट्यूब चालू ठेवली की कागदावर पांढरा पट्टा चमकतो आणि नेमकी ओळ वाचता येत नाही. टेबलाच्या कडेला डबे किंवा जाड पुस्तकं रचून त्यावर फोन असा ठेवा की त्याचा कॅमेरा बाहेर येईल आणि खाली बघेल. मागच्या टोकावर आणखी एक पुस्तक ठेवलं की फोन कलंडत नाही. चित्र उभं, १०८० बाय १९२०. फोन विमान मोडवर टाका. माझा सगळ्यात चांगला टेक एका कुरियरवाल्याच्या कॉलने घालवला होता.

कॅमेऱ्यासमोर खरा करार कधीही ठेवू नका. त्यावर दोन कुटुंबांचे फोटो, पॅन, आधारचे आकडे, पत्ता आणि अंगठे असतात. बोटाने झाकलं तरी एखाद्या फ्रेममध्ये दिसतातच. त्याऐवजी कोऱ्या ए-फोर कागदावर तीनच कलमं मोठ्या अक्षरांत, साधारण २० पॉइंटमध्ये, टाइप करून प्रिंट काढा. नाव आणि पत्त्याच्या जागी नुसत्या रेघा. वरच्या कोपऱ्यात 'नमुना' असं लिहा, म्हणजे कुणी त्याचाच स्क्रीनशॉट घेऊन करार म्हणून फिरवणार नाही.

बोटाऐवजी पेन्सिलने दाखवा. बोटाखाली अर्धी ओळ झाकली जाते. 'लॉक-इन' म्हणताना पेन्सिल आधी महिन्यांच्या आकड्यावर जाते, मग 'नंतर' या शब्दाखाली हळू रेघ ओढते. पूर्ण व्हिडिओत हालचाल म्हणाल तर एवढीच.

आवाज वेगळा रेकॉर्ड करा. पंखा बंद करून, कपाटाचं दार उघडून कपड्यांकडे तोंड करून बोललं की खोली घुमत नाही. हसण्यासारखं वाटेल, पण माझ्याकडे याहून चांगली सोय नाही आणि फरक स्पष्ट ऐकू येतो.

अक्षरं

बरेच जण व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघतात, त्यामुळे खाली येणाऱ्या मजकुरावर आवाजाइतकीच मेहनत घ्यायला हवी. एका वेळी दोनच ओळी, प्रत्येकीत चार-पाच शब्द. पडद्याचा खालचा चौथा भाग मोकळा ठेवा, तिथे ॲपची बटणं आणि नाव येतात आणि मजकूर झाकला जातो.

आपोआप उमटणाऱ्या मजकुरावर मी विश्वास ठेवत नाही. मराठी बोलणं ऐकून तो मध्येच हिंदी लिहितो. हाताने टाइप करा आणि मग जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. काही एडिटिंग ॲपमध्ये ती मोडतात: 'किल्ली'मधला ल्ल सुटा होतो, 'महिन्यांचं'मधली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. तसं झालं तर दुसरा देवनागरी फॉन्ट निवडून बघा. तरीही मोडत असेल तर त्या ओळीचं चित्र तयार करून ते व्हिडिओवर ठेवा.

आकडे मात्र मोठे आणि एकटे दाखवा. "६०,००० दिले = ६०,००० लिहिले" एवढंच पडद्यावर असलं की डिपॉझिटचा मुद्दा कळतो.

चाचणी

व्हिडिओ झाला की तो अशा एखाद्याला दाखवा ज्याने कधीच भाड्याने घर घेतलेलं नाही. एकदाच, आवाज बंद ठेवून. मग त्याच्या हातात नमुना करार द्या आणि म्हणा, "रंगाचे किती कापणार ते सांग." तो सरळ त्या ओळीवर गेला तर काम झालं. मी शेजारच्या बारावीतल्या मुलावर हे करून बघितलं. डिपॉझिट आणि रंग त्याने पटकन शोधले. लॉक-इनला मात्र म्हणाला, "एक महिना." तो नोटिशीचा आकडा वाचत होता. दोन्ही आकडे एकाच कलमात होते आणि मी पेन्सिल दोघांवरून सरळ फिरवली होती. म्हणून मग लॉक-इनचे महिने पिवळ्या मार्करने रंगवले आणि नोटिशीचा भाग वेगळ्या क्षणी दाखवला. दुसऱ्या फेरीत त्याच्या बहिणीने 'सहा' असं बरोबर सांगितलं.

चाचणीत "समजलं का?" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात.

खाली लिहायचा मजकूर

व्हिडिओत न मावलेलं चार-पाच ओळींत खाली जातं. पहिली ओळ: हे महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्स करारांबद्दल आहे. बंगळुरू, हैदराबाद किंवा गोव्यात घर घेणाऱ्या मराठी मुलांनाही हीच तीन कलमं बघता येतील, पण शुल्क आणि नोंदणीचे नियम तिथले वेगळे आहेत. दुसरी ओळ: महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. "अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे" असं कुणी म्हणालं तर ही ओळ दाखवायची. तिसरी ओळ: नोंदणी झाल्यावर पूर्ण दस्ताची पीडीएफ आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सरकारी गोषवारा, मागून घ्या आणि ईमेलमध्ये जपून ठेवा. चौथी: घरात शिरताना प्रत्येक खोलीच्या भिंतींचा, नळांचा आणि वीजमीटरच्या आकड्याचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. कपातीच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

आणि ओळ बदलून मागायची कशी, याचं एक तयार वाक्यही मी तिथे देतो. पुष्कळ मुलांना प्रश्न कळतो, पण तोंड उघडत नाही: "काका, बाकी सगळं ठीक आहे, फक्त डिपॉझिटच्या ओळीत 'ताबा परत देतेवेळी' एवढं घालूया का?" थंब देण्याच्या दिवशी नको, आदल्या दिवशी ड्राफ्ट आल्याआल्या. त्या वेळी मला लॅपटॉपवर ती ओळ बदलायला दोन मिनिटं लागतात.

मुदत संपल्यावरही राहत राहिलं तर काय, हा विषय दुसऱ्या व्हिडिओचा आहे. कलम २४ नुसार मुदत संपल्यानंतर घर सोडलं नाही तर भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, म्हणजे वाकडच्या त्या घरात महिन्याला ३६,०००. तो व्हिडिओ मी करार संपायच्या दोन महिने आधी पाठवतो, कारण घेताना तो कुणीच ऐकत नाही.